कातडीतून रक्तापर्यंत पोचणारं ऊन

विषुववृत्ताजवळची माणसं काळी का, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, तिथं ऊन जास्त म्हणून. बरं, ऊन जास्त असलं तर काळं होण्यात फायदा काय, असं पुढं विचारलं की मग मेलॅनिन, अल्ट्राव्हायोलेट, स्किन कॅन्सर, इथपर्यंत बहुतेकजण येतात. आणि ते खोटं नाहीच. मेलॅनिन म्हणजे कातडीतलं काळं रंगद्रव्य, ते यूव्ही किरण शोषतं, पेशींमधला डीएनए वाचतो, कॅन्सरचा धोका कमी होतो, म्हणून उन्हाच्या पट्ट्यात काळी कातडी टिकली, असं ते पहिलं स्पष्टीकरण.

पण 1961 मध्ये हॅरल्ड ब्लूम नावाच्या शास्त्रज्ञानं याच्यावर एक साधा आक्षेप घेतला होता. स्किन कॅन्सर बहुतेक वेळा उतारवयात होतो, तोवर माणसाला पोरं होऊन ती मोठी पण झालेली असतात, आणि उत्क्रांतीच्या हिशोबात पोरं झाल्यावर काय होतं याला फार किंमत नाही. गोऱ्या बाईला साठीत कॅन्सर झाला तरी तिची पाच पोरं तिचा रंग घेऊन पुढं गेलेलीच असणार. मग काळा रंग निवडला गेला तो कशामुळं? अशी काहीतरी गोष्ट पाहिजे जी तरुणपणात, मूल होण्याच्या वयातच मारते, किंवा मूलच होऊ देत नाही.

ही गोष्ट म्हणजे फोलेट नावाचं व्हिटॅमिन असावं असं दुसरं स्पष्टीकरण सांगतं. मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, फोलेटची टेस्ट आमच्याकडं नेहमी येते, त्यामुळं या विषयाशी माझा संबंध पुस्तकातून नाही तर ट्यूबमधून आला. फोलेटचं सॅम्पल आलं की त्याला फॉईल गुंडाळायची, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायचं नाही, सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, लवकर वेगळं करायचं, हा आमच्याकडचा पाठ. सीरम वेगळं करताना ते लालसर दिसलं तर सॅम्पल परत मागवायचं, कारण लाल पेशींमध्ये फोलेट सीरमपेक्षा कितीतरी पट जास्त असतं, पेशी फुटल्या की ते सीरममध्ये उतरतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. हे दुसरं कारण समजायला सोपं आहे. पहिलं, म्हणजे उजेडाचं, त्याच्यावर मी बरीच वर्षं फार विचार केला नव्हता. ट्यूबमधलं फोलेट उजेडानं नासतं, ठीक. पण ट्यूबमध्ये जे नासतं ते अंगातल्या रक्तात, कातडीखालून उजेड जाताना, नासत नसेल काय?

नेमका हाच प्रश्न 1978 मध्ये रिचर्ड ब्रांडा आणि जॉन ईटन या दोघांनी अमेरिकेत विचारला आणि सायन्स या मासिकात छापला. त्यांनी माणसाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरलेला पातळ भाग, घेतला, कडक उन्हासारखा उजेड त्याच्यावर सोडला, आणि तासाभरात फोलेट 30 ते 50 टक्के गेलेलं होतं. तासाभरात! मग त्यांनी दुसरं पण बघितलं, कातडीच्या आजारासाठी यूव्हीची ट्रीटमेंट घेणारे गोऱ्या रंगाचे पेशंट, त्यांच्या रक्तातलं फोलेट नेहमीच्या माणसांपेक्षा कमी निघालं. म्हणजे काचेत जे दिसलं ते अंगात पण होत असावं. यावरून त्यांनी मांडलं की काळ्या कातडीचा एक फायदा हा असू शकतो की ती उजेडानं मोडणारी पोषकद्रव्यं रक्तात वाचवते. पेपर एवढासाच आहे, पण कल्पना केवढी मोठी!

आता फोलेट गेलं तर बिघडतं काय, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. फोलेट म्हणजे बी व्हिटॅमिनपैकी एक, मेथी, पालक, हरभरा, मूग, मटकी यातनं मिळणारं. पेशी दोन व्हायची वेळ आली की नवीन डीएनए लागतो आणि तो बनवायला फोलेट लागतं, म्हणून जिथं पेशी भराभर वाढतात तिथं त्याचा खर्च जास्त, रक्त बनतं तिथं, आणि पोटात बाळ वाढतं तिथं. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्यातनं बनतात ती मज्जातंतूची नळी सुरुवातीला उघडी पट्टी असते, ती करंजीची कड दुमडून मिटवावी तशी दोन्ही बाजूंनी उचलून मिटते आणि गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत हे सगळं संपतं. 28 दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले, कित्येक बायकांना अजून खात्री पण नसते. या दिवसात फोलेट कमी पडलं तर नळी कुठंतरी उघडी राहण्याची शक्यता वाढते, खाली राहिली तर स्पायना बायफिडा, वर राहिली तर मेंदू नीट बनत नाही आणि असं बाळ वाचत नाही. इथं कुणी उतारवयाची वाट बघत नाही. ब्लूमचा आक्षेप जिथं होता बरोबर तिथंच हे बसतं.

फोलेटचा आणि या व्यंगाचा संबंध हा अंदाज नाही, 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास आला, आधी असं बाळ झालेल्या आयांना पुढच्या गरोदरपणाच्या आधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, दिलं तर तेच व्यंग परत येण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी झालं. आज आशाताई ज्या गोळ्या देतात, डॉक्टर मूल ठरवायच्या आधीच सुरू करायला सांगतात, त्याच्या मागं हा आकडा आहे. (आणि ही गोळी उलट्या होतात म्हणून बाजूला ठेवून केशर-दूध न चुकता पिणाऱ्या मुली मी बघितल्यात, बाळ गोरं व्हावं म्हणून, त्याचा मला फार त्रास होतो.)

ब्रांडा-ईटनचा पेपर बरीच वर्षं तसाच पडून होता. नंतर नीना जब्लॉन्स्की या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो उचलला. त्या ऑस्ट्रेलियात पर्थला होत्या, तिथं त्यांनी फिओना स्टॅन्ली यांचं फोलेटची कमतरता आणि मज्जातंतूच्या नळीचे दोष यावरचं व्याख्यान ऐकलं, आणि दोन धागे जोडले गेले, ऊन फोलेट मोडतं आणि फोलेट नसलं की बाळ वाचत नाही. पुढं 2000 साली त्यांनी आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी नासाच्या उपग्रहानं मोजलेला जमिनीवरचा यूव्ही आणि जगभरातल्या स्थानिक लोकांच्या कातडीचा रंग शेजारी ठेवून बघितला, तर दोन्ही फार घट्ट जुळले. आपल्या पूर्वजांच्या अंगावर जेव्हा केस होते तेव्हा खालची कातडी बहुधा फिकी होती, चिंपांझीची आजही केसाखाली तशीच असते. केस गेले, घाम येऊन अंग थंड व्हायला लागलं आणि उघडी कातडी थेट उन्हात आली, त्यानंतरचा हा काळा रंग.

इथपर्यंत गोष्ट इतकी छान जुळते की संशय यावा. आणि संशय घ्यायची जागा खरंच आहे, ती म्हणजे ऊन रक्तापर्यंत पोचतं तरी किती.

यूव्हीचे दोन प्रकार आपल्यापर्यंत येतात. यूव्हीबी जोरदार, पण तो कातडीच्या वरच्या थरातच जवळजवळ सगळा अडतो, आणि त्या थरात रक्तवाहिन्याच नाहीत. यूव्हीए सौम्य, पण खोल जातो, खालच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत. खिडकीची काच पण यूव्हीबी अडवते आणि यूव्हीए बराचसा आत सोडते, म्हणजे आमच्या टेबलावरच्या ट्यूबवर पडणारा उजेड आणि कातडीखालच्या रक्ताला लागणारा उजेड एकाच जातीचा म्हणायला हरकत नाही. आता गोची अशी, की आपल्या रक्तात फोलेट ज्या रूपात फिरतं, त्याला मिथाइल फोलेट म्हणूया, ते यूव्हीबी शोषतं आणि मोडतं, पण नुसत्या यूव्हीएनं त्याला फारसं काही होत नाही. म्हणजे जो किरण फोलेट मोडतो तो रक्तापर्यंत पोचत नाही आणि जो पोचतो तो मोडत नाही. संपलं की सगळं?

नाही संपलं, कारण रक्तात फोलेट एकटं नसतं. तिथं रायबोफ्लेविन असतं, म्हणजे बी टू, बी कॉम्प्लेक्सच्या गोळीनं लघवी पिवळी होते ती त्याच्यामुळं, आणि पॉर्फिरिन नावाची द्रव्यं असतात. ही दोन्ही यूव्हीए पकडतात आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतात, तो ऑक्सिजन मग भडक होऊन समोर जे येईल त्याला मोडतो, फोलेटला पण. म्हणजे मोडतोड सरळ नाही, मध्यस्थाच्या हातून होते. काचेतल्या प्रयोगांमध्ये हे नीट दिसतं. पण रक्तात अशी मोडतोड थोपवणारी द्रव्यं पण असतात, व्हिटॅमिन सी त्यातलंच एक, त्यामुळं काचेतला आकडा उचलून अंगाला लावता येत नाही. ब्रांडा-ईटनचा तो 30 ते 50 टक्के हा आकडा वाचताना हे कायम डोक्यात ठेवायला पाहिजे, ट्यूबमधला प्लाझ्मा तासभर एका जागी उजेड खात बसतो, अंगातलं रक्त कातडीतून काही सेकंदात पुढं जातं.

त्यांच्या पेशंटबद्दल पण मला एक शंका कायम येते. यूव्हीची ट्रीटमेंट ज्यांना देतात त्यात सोरायसिसचे लोक खूप असतात, आणि सोरायसिसमध्ये कातडीच्या पेशी इतक्या वेगानं बनतात की फोलेट तिथंच जास्त खर्च होतं. शिवाय या आजारात मेथोट्रेक्सेट देतात, ते औषध तर फोलेटचं कामच अडवतं. म्हणजे कमी फोलेट दिसलं तर ते उजेडानं, आजारानं की औषधानं, हे वेगळं काढल्याशिवाय बोलता येत नाही. असा रिपोर्ट माझ्या हातात आला असता तर मी आधी पेशंटची औषधं विचारली असती.

नंतरचे प्रयोग पण एका सुरात बोलत नाहीत. 2001 मध्ये जर्मनीत निरोगी माणसांना यूव्हीएच्या लाईटखाली ठेवून बघितलं, सीरम फोलेटमध्ये दखल घ्यावी असा फरक नाही. नॉर्वेत सोरायसिसच्या पेशंटना यूव्हीबी देऊन बघितलं, फरक नाही. इजिप्तमध्ये तसंच केलं तर कमी झालेलं सापडलं. आणि 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला तरुण बायकांवर झालेला अभ्यास मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तिथं लाईट नव्हता, खरं ऊन होतं. मूल होण्याच्या वयाच्या बायका, फॉलिक ॲसिडची गोळी चालू असलेल्या, त्यांच्या अंगावर किती ऊन पडतं ते मोजलं आणि रक्त तपासलं. ज्यांना ऊन जास्त लागलं त्यांचं फोलेट 20 टक्क्यांपर्यंत कमी. गोळी चालू असताना. गोळी नसलेल्या, रानातलं जे मिळेल ते खाऊन दिवस काढणाऱ्या एखाद्या पूर्वज बाईचा विचार करा, सुगीत ठीक, पण दुष्काळी महिन्यात तिच्याजवळ जेमतेम असलेल्या फोलेटमधलं 20 टक्के गेलं तर काय होईल.

सीरम फोलेट मोजणाऱ्या प्रयोगांबद्दल एक गोष्ट लॅबवाली म्हणून सांगतेच. सीरम फोलेट काल-परवा काय खाल्लं ते सांगतं, सकाळी भरपूर मेथी किंवा गोळी पोटात गेली की आकडा वर. लाल पेशींमधलं फोलेट मात्र पेशी बनतानाच आत जातं आणि पेशी साधारण 120 दिवस जगते, त्यामुळं तो आकडा मागच्या तीनेक महिन्यांचा हिशोब असतो. उन्हाचा परिणाम जर थोडा थोडा, रोज, महिनोन्महिने होत असेल तर थोड्या दिवसांच्या प्रयोगात नुसतं सीरम बघून 'फरक नाही' म्हणणं मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती उन्हाळ्यात कातडीतून किती रक्त वाहतं ही. थंड जागी बसलेल्या माणसाच्या कातडीतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त जातं, पण अगदी टोकाच्या उष्णतेत तेच 6 ते 8 लिटरपर्यंत वाढू शकतं, अंग थंड करायला शरीर रक्त बाहेर ढकलतं म्हणून. अंगात एकूण रक्त पाचेक लिटर! म्हणजे भर उन्हात अख्खं रक्त मिनिटा-मिनिटाला कातडीखालून फिरून जाऊ शकतं. एसीतल्या खोलीत लाईटखाली आडवा झोपलेला पेशंट आणि मे महिन्यात शिरोळकडं भांगलणीला वाकलेली बाई, दोघांना यूव्ही सारखा मिळाला तरी रक्ताला मिळणारा सारखा नसणार. हे माझं मत आहे, पण त्याच्यातले आकडे शरीरशास्त्राचे आहेत.

आता मेलॅनिन या सगळ्यात किती अडवतं? 1979 मध्ये काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या कातडीचा वरचा थर घेऊन मोजलं होतं, गोऱ्या थरातून यूव्हीए 55 टक्के खाली उतरतो, काळ्या थरातून 17-18 टक्के. तिपटीचा फरक, आणि तो पण नेमका त्या किरणात जो रक्तापर्यंत जातो. मला हा आकडा या सगळ्या वादातला सगळ्यात भक्कम वाटतो.

कोल्हापूर 16.7 उत्तर अक्षांशावर आहे. मे च्या पहिल्या आठवड्यात एक दिवस आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, बिंदू चौकात उभं राहिलं तर सावली पायाखाली. मे मधला दिवस शाळेतली पोरं बघतात, ऑगस्टमधला पंचगंगेच्या पुरात आणि ढगात जातो. तर अशा गावात या विषयाला बायकांच्या तोंडून रोज वाट फुटते. सुनेला घेऊन आलेल्या एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, हिला रानात जायला लागतंय, बाळ उन्हानं काळं होईल काय ओ?" मी म्हटलं, "नाही मावशी, आईला ऊन लागलं म्हणून बाळाचा रंग बदलत नाही, रंग आईबापाकडनं येतो. तिला गोळी रोज द्या, ऊन फार असंल तर पदर घ्या आणि पाणी प्यायला लावा." मावशींनी परत विचारलं, "आणि हिचा रंग असा, तो चांगला म्हणायचा की काय?" मी म्हटलं, "रक्ताच्या बाजूनं बघितलं तर चांगलाच म्हणायचा." सून हसली नाही, पण वर बघितलं तिनं.

हे सांगताना एक गोष्ट मी कधी सोडत नाही, काळी कातडी फोलेट वाचवते म्हणजे देत नाही. याचा दाखला आपल्याच मुंबईत आहे. 1928 मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा जीवघेणा ॲनिमिया का होतो ते शोधत होत्या, आणि यीस्टपासून बनलेलं मार्माइट दिलं की त्या बायका बऱ्या होतात असं त्यांना दिसलं. त्यातलं जे द्रव्य काम करत होतं ते पुढं फोलेट म्हणून ओळखलं गेलं. त्या बायका सावळ्या-काळ्याच होत्या, तरी त्यांचं फोलेट संपलं होतं, कारण ताटात नव्हतं आणि पोटातलं बाळ होतं ते ओढून घेत होतं. कमतरतेचं मोठं कारण ताट आहे, ऊन त्याच्या खूप मागं. सावळ्या मुलीला गोळीची गरज गोरीएवढीच.

आणि पहिलं स्पष्टीकरण पण मेलेलं नाही. 2014 मध्ये मेल ग्रीव्ह्ज या कॅन्सरच्या संशोधकांनी कॅन्सरच्या बाजूनं जोरात लिहिलं, आफ्रिकेतल्या अल्बिनिझम असलेल्या लोकांकडं बघा म्हणून, ज्यांच्या कातडीत मेलॅनिन जवळजवळ नसतं, ते स्किन कॅन्सरनं ऐन तरुणपणी जातात. म्हणजे ब्लूमचा आक्षेप सगळीकडं लागू होत नाही. हा मुद्दा वजनदार आहे, मी टाळत नाही. फक्त एवढंच वाटतं की मेलॅनिन अजिबात नसणं आणि फिकी पण उन्हानं रापणारी कातडी असणं यात फार अंतर आहे, आपले पूर्वज दुसऱ्या प्रकारचे असावेत, आणि तिथं कॅन्सर इतक्या लवकर येत नसणार. दोन्ही कारणं एकाच दिशेनं ढकलत असतील, घामाच्या ग्रंथी उन्हानं भाजणं हे तिसरं पण असेल. पण मूल होणं न होणं इतक्या थेट ठिकाणी हात घालणारं फोलेटच.

मग हे आपल्याकडं तपासता येईल काय? रानात राबणाऱ्या सावळ्या बायकांचं रक्त घेऊन उपयोग नाही, त्यांच्यात फोलेट कमी दिसलं नाही तर स्पष्टीकरण बरोबर म्हणून दिसलं नाही की चूक म्हणून, हे कळायला मार्गच नाही, कारण काळ्या कातडीनं ते वाचवायचं हेच तर म्हणणं आहे. खरी तपासणी अल्बिनिझम असलेल्या माणसात आणि त्याच्याच सख्ख्या भावा-बहिणीत होईल. एक चूल, एक ताट, एकच ऊन, फरक फक्त मेलॅनिनचा. लाल पेशींमधलं फोलेट घ्यायचं, एकदा पावसाळा संपताना आणि एकदा मे संपताना, आणि दोघांमधला फरक वाढतो काय ते बघायचं. यातली अडचण पण दिसतेच, अल्बिनिझम असलेला माणूस ऊन टाळतो, टोपी-बाह्या घालतो, म्हणून दोघांच्या कपड्यावर यूव्ही मोजणारी फिल्म लावायला पाहिजे, आणि ज्या जोड्यांमध्ये दोघांना खरंच सारखं ऊन मिळालं तेवढ्याच हिशोबात धरायच्या.